पुसटपणाचं माप

रस्त्यावरून एक रिक्षा डावीकडून उजवीकडे जाते आहे. तिच्या हूडच्या बाजूवर मसाल्याच्या एका ब्रँडची जाहिरात आहे, पण ही जाहिरात शूटिंगच्या वेळी तिथं नव्हती, ती नंतर कॉम्प्युटरवर बसवली आहे. रंग जुळलेत, सावली बरोबर पडली आहे, ट्रॅकिंगही पक्कं आहे, म्हणजे जाहिरात रिक्षाला सोडून इकडेतिकडे सरकत नाही. तरीही बघणारा म्हणतो, ‘हे चिकटवल्यासारखं वाटतंय.’ का, ते त्याला सांगता येत नाही. शॉट थांबवून एकच फ्रेम मोठी करून पाहिली की उत्तर समोर येतं. रिक्षाचं चाक, आरसा, रेक्झिनवरची शिवण हे सगळं आडवं ओढल्यासारखं पुसट झालंय आणि जाहिरातीतली अक्षरं मात्र छापखान्यातून नुकतीच आल्यासारखी कोरीव आहेत.

या पुसटपणाला एडिटिंगच्या खोलीत सगळे मोशन ब्लर म्हणतात. बरेच जण त्याच्याकडे इफेक्ट म्हणून पाहतात: थोडा टाकायचा, बरा दिसला की पुढं जायचं. पण कॅमेऱ्यातून आलेला ब्लर अंदाजाचा नसतो. त्याला लांबी असते, दिशा असते आणि दोन्ही मोजता येतात. बाहेरून आणलेलं ग्राफिक शॉटमध्ये मुरवायचं असो, की शॉटचा वेग मध्येच बदलायचा असो, काम शेवटी या एका मापावर येऊन थांबतं.

शटर उघडं असतानाचं अंतर

कॅमेरा एका सेकंदात २४ किंवा २५ चित्रं टिपतो, पण प्रत्येक चित्र क्षणार्धात टिपलं जात नाही. शटर काही काळ उघडं राहतं आणि तेवढ्या काळात वस्तू जितकी सरकेल तितकी ती फ्रेममध्ये ओढली जाते. फिल्म कॅमेऱ्यात हे शटर म्हणजे फिरती तबकडी असे. तिचा अर्धा भाग कापलेला असला तर ३६० अंशांपैकी १८० अंश उजेड आत येई. म्हणून उघडं राहण्याचा काळ अंशांत सांगण्याची पद्धत पडली, आणि आज कॅमेऱ्यात तबकडी नसली तरी शटर अँगल हा शब्द टिकून आहे. २५ फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेमच्या वाट्याला सेकंदाचा पंचविसावा भाग येतो. १८० अंश म्हणजे त्याचा अर्धा, सेकंदाचा पन्नासावा भाग.

सिनेमा पाहून पाहून आपल्या डोळ्याला हा अर्ध्या फ्रेमचा ब्लर अंगवळणी पडला आहे. तो कमी केला की हालचाल तुटक आणि बोचरी दिसते. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या १९९८ च्या चित्रपटात छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी युद्धाच्या दृश्यांसाठी शटर ४५ आणि ९० अंशांपर्यंत मुद्दाम आवळलं होतं, त्यामुळे उडणारी माती कणाकणानं वेगळी दिसते. उलट बाजूनं, स्टॉप-मोशनच्या बाहुल्यांमध्ये हा ब्लर मुळातच नसे, कारण प्रत्येक फ्रेम टिपताना बाहुली स्थिर असे. १९८१ च्या ‘ड्रॅगनस्लेयर’साठी फिल टिपेट आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या मंडळींनी ड्रॅगनची बाहुली शटर उघडं असतानाच मोटरनं हलवली. या युक्तीला गो-मोशन म्हणतात. आज आपण सॉफ्टवेअरला जे करायला सांगतो तेच त्यांनी मोटरच्या साहाय्यानं केलं होतं.

आधी मोजायचं

आता रिक्षाकडे परत येऊ. शॉट २५ फ्रेमचा आहे आणि चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. रिक्षावरचा एखादा ठळक बिंदू निवडायचा, समजा हूडच्या कडेला चिकटवलेला पांढरा स्टिकर. तो एका फ्रेममध्ये कुठं आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये कुठं, हे पाहिलं तर अंतर भरतं ४० पिक्सेल. एका फ्रेममधली धाव कळली.

मग त्याच स्टिकरची उभी कड मोठी करून पाहायची. काळ्या हूडपासून पांढऱ्या स्टिकरपर्यंत रंग एकदम बदलत नाही, हळूहळू चढत जातो. हा चढ किती पिक्सेलांत पुरा होतो ते मोजायचं. समजा २३ भरले. पण हा सगळा मोशन ब्लर नव्हे. लेन्सचा आणि फोकसचा थोडा मऊपणा त्यात मिसळलेला आहे. तो वेगळा काढायला स्टिकरची आडवी कड उपयोगी पडते. रिक्षा आडवी जाते आहे, म्हणून वरच्या-खालच्या कडेवर तिच्या वेगाचा परिणाम नसतो. तिथं चढ ३ पिक्सेलांचा दिसला, तर मोशन ब्लर साधारण २० पिक्सेलांचा. पुढं नुसती त्रैराशिकाची रीत:

```
शटर अँगल = ३६० × ब्लरची लांबी ÷ एका फ्रेममधली धाव
         = ३६० × २० ÷ ४०
         = १८०
```

आफ्टर इफेक्ट्समध्ये कॉम्पोझिशनच्या सेटिंगमध्ये `Shutter Angle` हा आकडा असतो आणि तो मुळातच १८० वर ठेवलेला असतो. म्हणजे इथं आयतं जुळलं. नवशिक्याची फसगत इथंच होते, कारण पुढच्या वेळी तो न मोजताच १८० गृहीत धरतो.

समजा तीच रिक्षा भर दुपारी मोबाइलवर टिपली आहे. बहुतेक मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचं अपर्चर लहान-मोठं करता येत नाही. ऊन जास्त झालं की फोन शटरचा काळ कमी करतो आणि तो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सहज उतरतो. त्या काळात रिक्षा सरकते फक्त १ पिक्सेल. शटर अँगल झाला ९ अंश. अशा शॉटमध्ये ग्राफिकवर १८० चा ब्लर टाकला तर उलटा घोटाळा होतो: रिक्षा कोरीव आणि जाहिरात धुरकट. या शॉटला कॅमेऱ्यातला दिसणारा ब्लर म्हणजे जवळजवळ शून्य ब्लर, आणि ग्राफिकलाही तेवढाच द्यायचा. सगळा शॉटच मऊ हवा असेल तर जाहिरात बसवून झाल्यावर दोघांना मिळून एकदमच ब्लर द्यावा लागतो.

अंश बरोबर, तरी जागा चुकते

ब्लर किती, हे ठरलं. तो कुठून कुठंपर्यंत, हे अजून ठरायचं आहे. ट्रॅकर जेव्हा पुसट झालेल्या स्टिकरची जागा नोंदवतो तेव्हा तो साधारणपणे त्या पुसट पट्ट्याचा मध्य पकडतो. म्हणजे ग्राफिकचा ब्लरही त्या जागेच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरायला हवा. `Shutter Phase` नावाचा दुसरा आकडा हेच सांभाळतो. तो शटर अँगलच्या निम्मा आणि ऋण असला की ब्लर मध्यावर बसतो. १८० ला उणे ९०, ९० ला उणे ४५.

हा आकडा शून्य ठेवला तर काय होतं? ब्लर ट्रॅक केलेल्या जागेपासून सुरू होऊन अर्धी फ्रेम पुढं जातो. आपल्या रिक्षाच्या वेगाला त्याचा मध्य १० पिक्सेल पुढं सरकतो. वेग एकसारखा असेल तर जाहिरात थोडी पुढं चिकटवल्यासारखी दिसेल, एवढंच. पण रिक्षानं ब्रेक मारला की हे १० पिक्सेल हळूहळू शून्यावर येतात आणि जाहिरात हूडवरून मागं घसरताना दिसते. एडिटर ट्रॅकिंगला दोष देतो, पुन्हा पुन्हा ट्रॅक करतो आणि दोष जात नाही. घसरण वेगाबरोबर वाढते-घटते आहे असं दिसलं की ट्रॅक सोडून फेज तपासावा.

ट्रॅकिंगची स्वतःची एक खोड मात्र आहे. ट्रॅकर प्रत्येक फ्रेमला पिक्सेल-दोन पिक्सेल थरथरतो. रिक्षा पळत असताना ही थरथर लपून जाते. ती सिग्नलला थांबली की सॉफ्टवेअर त्या थरथरीलाही हालचाल समजतं आणि तिचा ब्लर बनवतं. उभ्या रिक्षावरची अक्षरं मधूनच मऊ होतात, पुन्हा कोरीव होतात. थांबलेल्या भागातल्या की-फ्रेम पुसून तिथं एकच जागा पक्की ठेवली की हे थांबतं.

आणखी एक अडचण अशी, की ग्राफिक चार कोपऱ्यांनी ताणून बसवलं असेल तर आफ्टर इफेक्ट्सचा मोशन ब्लर कित्येकदा लागतच नाही. लेयरवरचं आणि टाइमलाइनवरचं अशी दोन्ही बटणं सुरू असतात, तरी अक्षरं कोरीवच राहतात. कारण कोपरे ताणणारा कॉर्नर पिन हा इफेक्ट आहे. सॉफ्टवेअरच्या हिशेबी लेयर स्वतः हललेलाच नसतो, तो जागच्या जागी उभा आणि आतलं चित्र तेवढं सरकतं. मोका वापरणाऱ्यांना ट्रॅकिंग बाहेर काढताना `supports motion blur` असं लिहिलेला एक पर्याय दिसतो. तो घेतला की लेयरच्या जागेच्या, आकाराच्या आणि फिरण्याच्या की-फ्रेमही सोबत येतात आणि ब्लर लागू लागतो.

उजेडाचा हिशेब

आता ब्लरची लांबी जुळली, जागाही जुळली. तरीही कधी कधी अक्षरं खऱ्या कॅमेऱ्यातल्यासारखी दिसत नाहीत, फारच मरगळतात. दोष असतो उजेडाच्या बेरजेचा.

जाहिरातीत गडद निळ्यावर पांढरी अक्षरं आहेत आणि उभ्या काठीची जाडी ४ पिक्सेल आहे असं समजू. ही काठी २० पिक्सेलांवर ओढली गेली की तिथल्या प्रत्येक जागेला पांढऱ्याच्या उजेडाचा पाचवा हिस्सा मिळतो, म्हणजे २० टक्के. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ही वाटणी खऱ्या उजेडाची होते. पण व्हिडिओच्या फाइलमधले आकडे म्हणजे खरा उजेड नव्हे. डोळ्याला सोयीचे व्हावेत म्हणून ते वाकवलेले असतात. खरा २० टक्के उजेड फाइलमध्ये साधारण ४८ टक्के म्हणून नोंदला जातो. सॉफ्टवेअरनं हे लक्षात न घेता फाइलमधल्या आकड्यांचीच वाटणी केली तर तिथं २० हा आकडा येतो, आणि पडद्यावर त्याचा उजेड भरतो जेमतेम ३ टक्के. खऱ्या शॉटमध्ये जिथं फिकट पण स्पष्ट पांढरी फरफट दिसली असती, तिथं आता जवळजवळ काहीच उरत नाही.

रिक्षाच्याच इंडिकेटरकडे पाहून हे पडताळता येतं. त्याची फरफट जर लांब आणि उजळ असेल आणि शेजारची पांढरी अक्षरं मात्र विरघळून गेली असतील, तर हिशेब वाकड्या आकड्यांत चालला आहे असं समजावं. आफ्टर इफेक्ट्सच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रंगांची वर्किंग स्पेस निवडून `Linearize Working Space` सुरू केलं की सरासरी खऱ्या उजेडात होते. सोबत रंगांची खोली १६ बिट तरी हवी, नाहीतर गडद भागात पट्टे पडतात. हे सेटिंग काम सुरू करतानाच लावलेलं बरं, कारण ते बदललं की अर्धपारदर्शक सगळे थर थोडे वेगळे दिसू लागतात.

वेग बदलला की शटरही बदलतं

स्पीड रॅम्पमध्ये बाहेरून काही आणलेलं नसतं. तरी अडचण तीच. गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा पथकाचा एक शॉट घेऊ. वादक टिपरू उचलतो तेव्हा सगळं संथ, आणि टिपरू ढोलावर पडण्याच्या आधी वेग एकदम वाढून खऱ्या चालीवर येतो. असं करायचं म्हणून कॅमेरामननं सेकंदाला १०० फ्रेम टिपल्या आहेत, १८० अंशांवर. म्हणजे प्रत्येक फ्रेमला शटर सेकंदाचा दोनशेवा भाग उघडं होतं.

हा शॉट २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर चौपट संथ चालवला तर प्रत्येक फ्रेम वापरली जाते. दोन फ्रेममधली धाव आणि ब्लर यांचं प्रमाण तेच राहतं, १८० अंश. संथ भाग म्हणून छान दिसतो. वेग खऱ्या चालीवर आला की एडिटिंग सॉफ्टवेअर चारांतली एकच फ्रेम घेतं आणि तीन टाकून देतं. टिपऱ्याची एका फ्रेममधली धाव चौपट झाली, पण त्याचा ब्लर होता तेवढाच राहिला. परिणामी शटर अँगल उरला ४५. खऱ्या चालीच्या दुप्पट वेगाला तो साडेबावीस होतो. म्हणून रॅम्पच्या वेगवान टोकाला टिपरू हवेत तुकड्या-तुकड्यांनी उडत जातं आणि हे कॉम्प्युटरवर केलंय हे लगेच कळतं.

कॅमेऱ्यातच रॅम्प केला तर कसं दिसतं, हेही पाहायला हवं. ॲरीफ्लेक्स ४३५ सारख्या फिल्म कॅमेऱ्यावर चालू शॉटमध्ये फ्रेमचा वेग बदलता येई. वेग बदलला की फिल्मवर पडणारा उजेड बदलतो. तो सांभाळायला एक तर लेन्सचं अपर्चर बदलायचं, नाहीतर शटर अँगल. अपर्चरनं सांभाळला तर ब्लरचं प्रमाण सगळीकडे सारखं राहतं. शटरनं सांभाळला तर प्रमाण बदलतं, पण फोकसची खोली तशीच राहते. डोळ्याला गुळगुळीत वाटतो तो पहिला प्रकार, आणि एडिटर बहुधा त्याच्याच मागं असतो.

तेव्हा आपल्याला वेगवान भागात तूट भरून काढायची आहे. मुळात असलेला ब्लर आणि वरून दिलेला ब्लर यांची लांबी एकमेकींत मिळते, म्हणून १८० मधून असलेला वजा केला की पुरे:

```
चौपट संथ   : आहे १८०,   द्यायचा ०
दुप्पट संथ   : आहे ९०,    द्यायचा ९०
खरी चाल    : आहे ४५,    द्यायचा १३५
दुप्पट जलद  : आहे २२.५,  द्यायचा १५७.५
```

हा ब्लर देणारी साधनं आहेत. आफ्टर इफेक्ट्समध्ये `Pixel Motion Blur` आहे, शिवाय आरई:व्हिजन इफेक्ट्सचं रीलस्मार्ट मोशन ब्लर अनेक जण वापरतात. ही साधनं शेजारच्या फ्रेम ताडून प्रत्येक पिक्सेल कुठून कुठं गेला याचा अंदाज बांधतात आणि त्या दिशेनं तो ओढतात. दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे वेग बदललेला शॉट आधी वेगळ्या कॉम्पोझिशनमध्ये बंद करायचा आणि ब्लर त्याच्या वर लावायचा, म्हणजे साधनाला नव्या वेगाची धाव दिसते. दुसरं, वरचे आकडे वेगाच्या की-फ्रेमच्या जागीच ब्लरलाही की-फ्रेम म्हणून द्यायचे. सगळ्या शॉटला एकच आकडा दिला तर संथ भाग नाहक मऊ होतो. आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या फ्रेम ब्लेंडिंगवर भिस्त ठेवू नये. ते दोन फ्रेम एकमेकींवर ठेवतं, त्यामुळे एका टिपऱ्याची फरफट होण्याऐवजी दोन फिकट टिपरी दिसतात.

टिपरू ढोलावर पडतं त्या फ्रेमला

अंदाज बांधणारं साधन कुठं चुकतं तेही माहीत असावं. टिपरू ढोलाच्या पानावर पडतं आणि तिथूनच उलटं फिरतं. आधीच्या फ्रेममध्ये ते खाली येत होतं, पुढच्यात वर जातंय. साधन ही धाव सरळ रेषेत धरतं, म्हणून आघाताच्या फ्रेमला फरफट पानाच्या पलीकडे, ढोलाच्या आत गेलेली दिसू शकते. खऱ्या शॉटमध्ये त्या क्षणी टिपऱ्याचं टोक जवळजवळ थांबलेलं असतं. म्हणून आघाताच्या एक-दोन फ्रेमना ब्लर हातानं शून्यावर आणावा. यानं ठोकाही जास्त खणखणीत दिसतो.

वादकाचा हात छातीसमोरून जातो तिथं दुसरी चूक होते. हातामागचा कुर्ता आधीच्या फ्रेममध्ये झाकलेला होता, त्यामुळे त्या पिक्सेलांचा माग साधनाला लागत नाही आणि हाताच्या कडेनं कुर्ता पाण्यासारखा वितळतो. कडा वितळताना दिसल्या की तेवढ्या भागापुरता ब्लर निम्म्यावर आणावा, नाहीतर हाताचा मास्क काढून हात आणि मागचा भाग यांना वेगवेगळा ब्लर द्यावा. बारीक उभ्या गजांचं कुंपण मागं असेल तर गडबड आणखी वाढते, कारण एक गज दुसऱ्यासारखाच दिसतो आणि साधन भलत्याच गजाला जोडी लावतं.

अंदाज बांधण्याची वेळच येऊ नये असं वाटत असेल तर इलाज शूटिंगच्या वेळी करावा लागतो. १०० फ्रेम टिपताना शटर ३६० अंशांवर ठेवलं तर प्रत्येक फ्रेम सेकंदाचा पूर्ण शंभरावा भाग उघडी राहते आणि दोन फ्रेममध्ये फट उरत नाही. मग खऱ्या चालीच्या भागात लागोपाठच्या दोन फ्रेमची सरासरी घेतली की नेमका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा ब्लर मिळतो, आणि तो साधनाच्या अंदाजाचा नसून कॅमेऱ्यानं टिपलेला असतो. १८० वर टिपलेल्या फ्रेमची अशी सरासरी घेतली तर मधली फट तशीच राहते आणि फरफटीत दोन पट्टे पडतात. किंमत एवढीच, की ३६० वर टिपलेला संथ भाग नेहमीपेक्षा मऊ दिसतो. ढोलाच्या पानावरून उडणारा गुलाल कणाकणानं दाखवायचा असेल तर ही किंमत परवडत नाही. टिपऱ्याची झेप दाखवायची असेल तर परवडते. यांपैकी काय हवं ते कॅमेरा सुरू होण्याआधी एडिटर आणि कॅमेरामननं मिळून ठरवायचं असतं. निदान शॉटच्या नोंदीत फ्रेमच्या वेगाशेजारी शटरचा आकडाही लिहून ठेवावा, म्हणजे एडिटरला तो स्टिकरच्या कडेवरून शोधत बसावं लागत नाही.